सातशे ज्यूलचे वाटेकरी

एक उभा सिलिंडर डोळ्यांसमोर आणा. आतून पंचवीसेक सेंटिमीटर रुंद, तळ बंद, आणि वर घट्ट बसणारा तरी सहज सरकणारा दट्ट्या. दट्ट्याखाली १० लिटर हवा कोंडलेली आहे. दट्ट्याच्या डोक्यावर एक जाड स्प्रिंग उभी आहे. तिचं वरचं टोक पक्क्या चौकटीला टेकलेलं, खालचं दट्ट्याला नुकतंच लागलेलं. ती अजून जराही दबलेली नाही. आता या हवेला खालून हळूहळू तापवायचं. हवा फुगते, दट्ट्या १० सेंटिमीटर वर सरकतो आणि तिथे आपण तापवणं थांबवतो. हवेनं किती कार्य केलं, आणि तिला किती उष्णता द्यावी लागली?

अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे गणित कधी ना कधी भेटतं. बरेच जण ते सूत्रात आकडे भरून सोडवतात आणि त्यातली खरी गंमत हातची घालवतात. ती गंमत म्हणजे, सिलिंडरच्या आत न डोकावताही हवेच्या कार्याचा हिशेब लागतो.

आधी दाब पाहू. सुरुवातीला हवेवर दोन ओझी आहेत. बाहेरच्या वातावरणाचा दाब १०० किलोपास्कल धरू. दट्ट्याचं वस्तुमान सुमारे १०२ किलो, म्हणजे वजन १००० न्यूटन. हे वजन दट्ट्याच्या ५०० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळावर पसरलं की २० किलोपास्कल होतात. म्हणून आतल्या हवेचा दाब १२० किलोपास्कल. तापमान २७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०० केल्विन.

दट्ट्या हलला की तिसरं ओझं येतं, ते स्प्रिंगचं. आपली स्प्रिंग दर सेंटिमीटरला २०० न्यूटन जोर मागते. पहिल्या सेंटिमीटरला २००, दुसऱ्याला ४००, आणि १० सेंटिमीटर दबली की २००० न्यूटन. हा जोर दट्ट्याच्या क्षेत्रफळावर वाटला की ४० किलोपास्कल. म्हणजे शेवटचा दाब १६० किलोपास्कल.

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळं गणित याच जागेवर उभं आहे. स्प्रिंगचा जोर तिच्या दबण्याच्या प्रमाणात वाढतो. दट्ट्या जितका सरकतो, त्याच प्रमाणात हवेचं आकारमानही वाढतं. त्यामुळे कागदावर आडवं आकारमान आणि उभा दाब मांडला, तर १० लिटरपासून १५ लिटरपर्यंतचा प्रवास एका सरळ, चढत्या रेषेत होतो. हवेनं कोणत्या वाटेनं जायचं, हे इथे हवा ठरवत नाही, स्प्रिंग ठरवते. एरवी वायू फुगताना त्याचा दाब वळणदार रेषेनं बदलतो आणि कार्य काढायला कलनशास्त्र लागतं. इथे शाळेतली भूमिती पुरते. रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे कार्य, आणि ती आकृती आहे समलंब चौकोन. १२० आणि १६० यांची सरासरी १४० किलोपास्कल, तिला आकारमानातल्या ५ लिटर वाढीनं गुणलं की ७०० ज्यूल. सरकत्या सीमेवर होतं म्हणून याला सीमाकार्य म्हणतात. वर्गात सर्रास ‘बाउंड्री वर्क’च म्हटलं जातं.

आता बाहेर उभं राहून बघा, हे ७०० ज्यूल गेले कुणाकडे. वातावरणाला ५ लिटर मागे सारायला ५०० ज्यूल लागले. दट्ट्याचं १००० न्यूटन वजन १० सेंटिमीटर उचललं, त्याचे १०० ज्यूल. स्प्रिंगचा जोर शून्यापासून २००० न्यूटनपर्यंत वाढत गेला. सरासरी १००० न्यूटन गुणिले १० सेंटिमीटर, आणखी १०० ज्यूल. बेरीज बरोबर ७००. विद्यार्थ्यांना मी हा ताळा प्रत्येक वेळी करायला लावतो, कारण चूक लगेच पकडली जाते. शेवटच्याच दाबानं गुणलं तर उत्तर ८०० येतं, सुरुवातीच्या दाबानं ६००. दोन्ही वेळा वाटेकऱ्यांशी हिशेब जुळत नाही. आणि गणिताचं नाव स्प्रिंगचं असलं तरी तिचा वाटा सातांतला एकच आहे. सगळ्यात मोठा वाटा जिच्याकडे कुणी बघतही नाही, त्या बाहेरच्या हवेचा.

उष्णतेसाठी मात्र आत डोकवावंच लागतं. दाब १२० वरून १६० वर गेला, म्हणजे एक तृतीयांशानं वाढला. आकारमान दीडपट झालं. दोन्हींचा गुणाकार दुप्पट, म्हणून तापमानही दुप्पट, ६०० केल्विन. सेल्सिअसमध्ये हे ३२७ अंश होतात. सेल्सिअसमधलेच २७ दुप्पट करून ५४ लिहिणारे दरवर्षी भेटतात. कोंडलेली हवा जेमतेम १४ ग्रॅम आहे. आकारमान न बदलता एक ग्रॅम हवा एका अंशानं तापवायला सुमारे ०.७२ ज्यूल लागतात. त्या हिशेबानं ३०० अंशांच्या वाढीत तिची अंतर्गत ऊर्जा ३००० ज्यूलनं वाढली. त्यात केलेल्या कार्याचे ७०० मिळवले की दिलेली उष्णता ३७०० ज्यूल.

इथे एक मोह होतो: स्थिर दाबाची विशिष्ट उष्मा वापरून एका झटक्यात उत्तर काढायचा. त्यानं सुमारे ४२०० ज्यूल येतात आणि ते चूक आहे, कारण दाब स्थिर नव्हताच. आपलं ३७०० सुद्धा थोडं कमी आहे. हवा तापते तशी तिची विशिष्ट उष्मा किंचित वाढते. कोष्टकांतून अंतर्गत ऊर्जा घेतली तर उत्तर ३७८० च्या आसपास जातं. फरक दोन टक्क्यांचा. पण ही उष्णता फक्त हवेत गेलेली आहे. प्रत्यक्षात सिलिंडरचं एक किलो पोलाद तितकंच तापलं, तर ते एकटंच दीड लाख ज्यूल गिळतं. म्हणून प्रयोगशाळेत हीटरची वीज मोजून हे उत्तर पडताळता येत नाही.

कार्य मात्र पडताळता येतं, आणि त्याची रीत जुनी आहे. जेम्स वॉटच्या इंडिकेटरमध्ये वाफेच्या इंजिनाला जोडलेला एक छोटा सिलिंडर असे, त्यात स्प्रिंगविरुद्ध सरकणारा दट्ट्या. स्प्रिंग किती दबली यावरून दाब कळायचा. वॉटचा सहायक जॉन सदर्न यानं १७९६ मध्ये त्याला पेन्सिल आणि इंजिनाबरोबर सरकणारा कागद जोडला. पेन्सिल बंद आकृती काढायची, आणि तिच्या आतलं क्षेत्रफळ म्हणजे एका फेरीतलं कार्य. बोल्टन आणि वॉट यांच्या कंपनीनं ही युक्ती बरीच वर्षं गुपित ठेवली होती.

तीच आकृती आपल्या सिलिंडरवर काढू. दट्ट्या घर्षणाशिवाय सरकत असेल, तर हवा तापवताना आणि परत थंड करताना पेन्सिल एकाच रेषेवरून जाईल-येईल. समजा घर्षण २०० न्यूटन आहे. मग तापवताना दाब आपल्या रेषेच्या ४ किलोपास्कल वर राहील, थंड करताना ४ किलोपास्कल खाली. तापवणं थांबवून हवा निवू लागली की आधी दाब ८ किलोपास्कलनं उतरेल, तोवर दट्ट्या जागचा हलणार नाही. घर्षण ओळखण्याची ही पक्की खूण. कागदावर दोन रेषांमध्ये एक अरुंद पट्टी उरेल, ८ किलोपास्कल उंच आणि ५ लिटर रुंद. तिचं क्षेत्रफळ ४० ज्यूल: जाताना २० आणि येताना २०, दट्ट्याच्या कडेला घासून उष्णता झालेले.