बाळ रडलं होतं की नाही? अर्भक मृत्युदराचं गणित इथंच चुकतं

आरोग्यसेवक, आरोग्यसेविका पदाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरापोरींना अर्भक मृत्युदराची व्याख्या पाठ असते. पण गणित आलं की भागायचं कशानं, इथं गाडी अडते.

व्याख्या सोपी आहे. एका वर्षात जिवंत जन्मलेल्या दर १,००० बाळांमागे, वयाचं एक वर्ष पूर्ण होण्याआधी किती बाळं दगावली, तो अर्भक मृत्युदर.

समजा, एका तालुक्यात वर्षभरात २,५०० बाळं जिवंत जन्मली आणि ४० उपजत मृत होती. एक वर्षाच्या आतली ५० बाळं दगावली. आता ५० भागिले २,५००, गुणिले १,०००. उत्तर २०. पुष्कळ जण उपजत मृत ४० धरून २,५४० नं भागतात. ते चूक. उपजत मृत बाळ वरच्या आकड्यातही येत नाही आणि खालच्याही नाही. त्या ५० पैकी ३५ बाळं २८ दिवस पूर्ण होण्याआधी गेली असतील, तर नवजात मृत्युदर १४.

जन्मल्यावर बाळानं एकदा जरी श्वास घेतला, काळजाचे ठोके पडले किंवा हातपाय हलले, तरी तो जिवंत जन्म. ते दहा मिनिटांत गेलं तरी आधी जन्माची आणि मग मृत्यूची, अशा दोन नोंदी व्हायला पाहिजेत. वरच्या ५० पैकी अशी ५ बाळं ‘उपजत मृत’ म्हणून लिहिली गेली, तर मृत्यू ४५ आणि जन्म २,४९५ उरतात. दर येतो १८. बाळं तेवढीच गेली, कागद मात्र सुधारला. म्हणून कुठं उपजत मृत्यू अचानक वाढले आणि पहिल्या दिवसाचे मृत्यू घटले, तर नोंदवही तपासावी. घरच्यांना एकच विचारावं, बाळ रडलं होतं का, हललं होतं का?

माता मृत्यूचा हिशेब वेगळा. गरोदरपणात किंवा गरोदरपण संपल्यापासून ४२ दिवसांत, गरोदरपणाशी किंवा त्यावरच्या उपचाराशी संबंधित कारणानं बाई दगावली तर तो माता मृत्यू. अपघातात किंवा साप चावून गेली तर यात धरत नाहीत. इथंही जिवंत जन्मांनीच भागायचं, पण गुणायचं १ लाखानं.

त्याच तालुक्यात एक माता गेली तर प्रमाण ४०, दोन गेल्या तर थेट ८०. एका मृत्यूनं आकडा दुप्पट होतो, म्हणून एका तालुक्याच्या एका वर्षावरून निष्कर्ष काढू नये. नमुना नोंदणी पाहणीतही माता मृत्यूसाठी तीन वर्षं एकत्र धरतात. २०१८ ते २०२० या काळात हे प्रमाण देशात ९७, तर महाराष्ट्रात ३३ होतं. तालुक्यात मात्र प्रमाणापेक्षा प्रत्येक मृत्यूची चौकशी कामाची. बाई घरातून कधी निघाली, गाडी कधी मिळाली, रक्त कधी मिळालं, हे त्यातूनच कळतं.