छेद कुणी बदलला?

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मामेबहिणीचा फोन आला. तिच्या बचत गटाचा फराळ पुणे, नाशिक आणि कोल्हापूर अशा तीन शहरांत जातो आणि हिशेब एक्सेलमध्ये तिच्याकडेच असतो. "दादा, पिव्हट म्हणतंय पुण्यात चकलीचा वाटा ५७ टक्के. मी कॅल्क्युलेटरवर केलं तर ३३ येतात. दोन्हींतलं खोटं कोण?"

खोटं कुणीच नव्हतं. टक्केवारी काढायला अंश लागतो तसा छेदही लागतो. अंश दोघांचाही तोच होता. छेद मात्र पिव्हटने गुपचूप बदलला होता, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

तिची यादी समजायला सोपी करून नऊ ओळींची धरू. पुण्यात चकली ४०,००० रुपयांची, चिवडा ३०,००० चा आणि लाडू ५०,००० चे, म्हणजे १,२०,०००. नाशिकला चकली २०,०००, चिवडा २५,००० आणि लाडू १५,०००, मिळून ६०,०००. कोल्हापूरला १०,०००, ५,००० आणि ५,०००, म्हणजे २०,०००. सगळं मिळून दोन लाख. पिव्हटच्या ओळींमध्ये आधी शहर, त्याच्या पोटात पदार्थ. रकमेवर राइट क्लिक करून `Show Values As` मधून `% of Column Total` निवडलं की प्रत्येक आकडा दोन लाखांशी तोलला जातो. पुणे ६० टक्के, पुण्याची चकली २० टक्के. त्याऐवजी `% of Parent Row Total` निवडलं, तर पुण्याची चकली पुण्याच्याच १,२०,००० शी तोलली जाते आणि ३३.३३ टक्के येते. पुण्याच्या डोक्यावर मात्र दुसरा कुणी पालक नाही, म्हणून पुण्याचा वाटा इथेही एकूण दोन लाखांतूनच निघतो.

इथवर कॅल्क्युलेटर आणि पिव्हट यांचं छान जमतं. बिनसतं ते फिल्टर लावल्यावर. बहिणीला लाडूंचा हिशेब नंतर वेगळा बघायचा होता, म्हणून तिने पदार्थांच्या यादीत लाडवापुढची खूण काढली. तिच्या मते एवढ्याने लाडू फक्त नजरेआड झाले. पिव्हटच्या लेखी मात्र ते बेरजेतूनच गेले. पुण्याचं एकूण १,२०,००० चं ७०,००० झालं, आणि ४०,००० भागिले ७०,००० म्हणजे ५७.१४ टक्के. तिकडे सगळ्या शहरांचं एकूण १,३०,००० वर आलं आणि पुण्याचा वाटा ६० वरून ५३.८५ वर घसरला. पुण्याची विक्री कमी झाली असं कुणालाही वाटलं असतं. प्रत्यक्षात झालं एवढंच, की पुण्यात लाडू जास्त खपतात आणि ते मोजणीतून गेले.

साध्या पिव्हटचा नियमच असा, की जे दिसतं त्याचीच बेरीज घ्यायची. खूण काढा, स्लायसरवर बटण दाबा किंवा `Top 10` लावा, छेद दिसणाऱ्या वस्तूंपुरताच उरतो. म्हणून एकूण नेहमी शंभर टक्केच दाखवतं आणि संशयाला जागाच राहत नाही. फिल्टर कुठल्या फील्डवर लागला यावर परिणाम मात्र बदलतो. लाडू परत आणून कोल्हापूर काढलं, तर पुण्याच्या चकलीचा पालकातला वाटा ३३.३३ च राहतो, कारण तिचा पालक पुणे आहे आणि त्याला कुणी हात लावलेला नाही. `% of Column Total` मध्ये मात्र तीच चकली २० वरून २२.२२ वर जाते, कारण तिथला छेद आता १,८०,००० आहे.

छेद कोणता हे ओळखायला मी तिला एक उलटा हिशेब सांगितला. रकमेला टक्क्याने भागायचं. ४०,००० भागिले ०.५७१४ म्हणजे जवळपास ७०,०००. मग हे ७०,००० कुठल्या गोष्टींची बेरीज आहे ते शोधायचं. चकली आणि चिवडा म्हटलं की लाडू हरवलेत हे लगेच कळतं.

याच्या नेमकी उलट चूक मूळ यादीवर होते. बहिणीने आधी एकदा मूळ शीटवरच फिल्टर लावून लाडूंच्या ओळी लपवल्या होत्या. रकमेचा कॉलम निवडला तर खालच्या पट्टीवर १,३०,००० दिसले, पण पिव्हट दोन लाखांवर ठाम. शीटवरचा फिल्टर पिव्हटला दिसतच नाही. तो सगळ्या ओळी वाचतो, लपलेल्याही. आणि शीटवरच्या `SUM` ची सवयही तशीच, लपलेल्या ओळी मोजून मोकळं होण्याची. फक्त दिसणाऱ्या ओळींची बेरीज हवी असेल, तर असं लिहावं लागतं:

```
=SUBTOTAL(109,C2:C10)
```

म्हणजे पिव्हटमध्ये फिल्टर लावून शीटवर `SUM` केलं तर आकडे जुळणार नाहीत, आणि शीटवर फिल्टर लावून `SUBTOTAL` केलं तरीही नाहीत.

आता तिला हवं होतं ते कसं मिळवायचं? लाडू दिसायला नकोत, पण छेदात राहायला हवेत. पिव्हटमध्ये लपवलेल्या वस्तू बेरजेत धरण्याचा पर्याय आहे, पण साध्या पिव्हटमध्ये तो फिका पडलेला असतो, दाबताच येत नाही. तो उघडतो पिव्हट करताना `Add this data to the Data Model` वर टिचकी मारली तर. मग `Design` मधल्या `Subtotals` खाली `Include Filtered Items in Totals` निवडायचं.

तिला ते नको होतं. हिशेब गटातल्या इतर बायकांनाही उघडून बघायचा असतो. म्हणून आम्ही मूळ यादीतच एक कॉलम वाढवला. A मध्ये शहर, B मध्ये पदार्थ, C मध्ये रक्कम. D2 मध्ये हे लिहून खालपर्यंत ओढलं:

```
=C2/SUM($C$2:$C$10)
```

पिव्हटच्या कक्षेत D घेतला, रिफ्रेश केलं, D ची साधी बेरीज मांडून तिला टक्क्याचं रूप दिलं. छेद आता ओळीतच गोठलेला असल्याने कुठलाही फिल्टर त्याला हलवू शकत नाही. लाडू काढल्यावर पुण्याची चकली २० टक्केच राहिली, पुणे ३५ वर आलं आणि तळाशी १०० ऐवजी ६५ टक्के दिसले. तो ६५ मला फार आवडला. पस्तीस टक्के माल पडद्याआड आहे, हे तो आपणहून सांगतो.

पालकातला वाटाही असाच गोठवता येतो:

```
=C2/SUMIFS($C$2:$C$10,$A$2:$A$10,A2)
```

चकलीपुढे ३३.३३ येतात, लाडू असोत वा नसोत. फक्त या कॉलमच्या एकूणाकडे बघायचं नाही. तीन शहरांचे शंभर-शंभर मिळून ते ३०० टक्के होतं, आणि लाडू काढले की २०८.३३. या आकड्याला काही अर्थ नाही. आम्ही ती तळाची ओळ `Grand Totals` मधून बंदच करून टाकली.

जाता जाता बहिणीने एक गोष्ट स्वतःच केली. आधीचा पिव्हट तिने काढून टाकला नाही, शेजारी तसाच ठेवला आणि त्याच्या टक्क्यांच्या मथळ्यावर टाइप केलं: 'लाडू सोडून'.