कोंबड्या अंडी देईनाशा होतात तेव्हा

परसात दहा-बारा कोंबड्या पाळणाऱ्या घरात एक तक्रार हमखास ऐकू येते : "परवापर्यंत रोज आठ-नऊ अंडी मिळत होती, आता दोन-तीनवर आली." मग कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी म्हणते खाद्य बदला, कोणी औषधांच्या दुकानात जाऊन एखादी बाटली घेऊन येते. कारण मात्र कळलेले नसते. ते शोधण्याचा एक सोपा मार्ग आहे. अंडी किती कमी झाली, याबरोबरच ती किती दिवसांत कमी झाली, हे पाहायचे. कारण कोंबडीच्या पोटात अंडे तयार होण्याचे एक वेळापत्रक असते आणि ते कुठे तुटले, हे घटीच्या वेगावरून बऱ्याच वेळा सांगता येते.

अंड्याचे वेळापत्रक

कोंबडीचे डावीकडचे एकच अंडाशय काम करते. त्यात लहानमोठे बलक द्राक्षांच्या घडासारखे लटकलेले असतात. एक बलक भरून पुरा मोठा व्हायला शेवटचे साधारण सात ते दहा दिवस लागतात. पिकलेला बलक सुटला, की तो सुमारे दोन फूट लांबीच्या अंडनलिकेत शिरतो. तिथे पहिल्या तीन-साडेतीन तासांत त्याच्याभोवती पांढरा भाग चढतो, मग तासा-सव्वातासात पातळ पापुद्रे तयार होतात आणि उरलेले जवळजवळ वीस तास कवच घडण्यात जातात. असा एकूण सुमारे पंचवीस तासांचा प्रवास होतो.

दिवस चोवीस तासांचा आणि अंडे पंचवीस तासांचे, म्हणून कोंबडी रोज थोडी उशिरा अंडी घालत जाते आणि काही दिवसांनी एक दिवस खाडा करते. बारा कोंबड्यांकडून रोज बारा अंडी कधीच मिळत नाहीत ती यामुळेच. नऊची आठ झाली, तर तिला घट म्हणायचे नाही. नवाची तीन झाली आणि चार दिवस तशीच राहिली, तर मात्र काहीतरी बिघडले आहे.

अंडी घटली की हरवली ?

आधी ही शंका फेडून घ्यावी. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या गवताच्या गंजीत, सरपणाच्या ढिगात, कुंपणाच्या कडेला जागा शोधून तिथेच अंडी घालू लागतात. मुंगूस, साप, कावळे आणि कधी कधी कोंबड्या स्वतःही अंडी फस्त करतात. बहुतेक अंडी दुपारच्या आत घातली जातात. म्हणून दोन-तीन दिवस कोंबड्यांना दुपारी बारापर्यंत खुराड्यातच ठेवावे, पाणी-खाद्य आत द्यावे. अंडी पुन्हा पूर्वीइतकी मिळाली, तर कोंबड्यांचा दोष नव्हता.

मिळाली नाहीत, तर एकेक कोंबडी हातात घेऊन पाहावे. अंडी देणाऱ्या कोंबडीचा तुरा लाल, भरलेला असतो. शेपटीखालचे गुदद्वार रुंद व ओलसर असते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणाऱ्या टोकदार हाडांमध्ये दोन-तीन बोटे मावतात. अंडी बंद केलेल्या कोंबडीचा तुरा फिकट व आकसलेला, गुदद्वार कोरडे व चुणीदार, आणि हाडांमध्ये जेमतेम एक बोट मावते. बारापैकी दोघीच थांबल्या आहेत की सगळ्याच, हे यावरून कळते. दोघी-तिघीच असतील आणि त्या दिवसभर खुडूक होऊन, हात नेला की पिसे फुलवून गुरगुरत खोक्यात बसलेल्या असतील, तर तो आजार नाही. देशी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालून उबवायला बसणारच. पिल्ले नको असतील, तर तिला तीन-चार दिवस खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात, खाद्य-पाणी देऊन ठेवतात. त्यानंतरही पुन्हा अंडी सुरू व्हायला सहसा एक-दोन आठवडे जातात.

एक-दोन दिवसांत घसरण : पाणी आणि ऊन

अंड्याच्या आतल्या भागात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. कोंबडी खाद्याच्या साधारण दुप्पट वजनाचे पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून बरेच जास्त. पाणी नसले की ती खातही नाही. म्हणून पाण्याचा तुटवडा सर्वांत लवकर दिसतो. नलिकेत आधीच शिरलेले अंडे एक दिवस मिळून जाते, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आकडा कोसळतो. भांडे भरलेले दिसते म्हणून पाणी आहे, असेही समजू नये. उन्हात तापलेले पाणी कोंबड्या टाळतात, आणि एकच भांडे असेल तर दांडग्या कोंबड्या बाकीच्यांना जवळ येऊ देत नाहीत.

वैशाखातल्या उन्हाची गोष्ट थोडी वेगळी. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते आणि अंग थंड करते. या धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो. कवच म्हणजे बहुतांश कॅल्शियम कार्बोनेट. त्यातला कार्बोनेट याच वायूपासून बनतो, म्हणून उन्हाळ्यात अंडी कमी होतात आणि कवचेही पातळ होतात.

आठवड्याभरात घसरण, आणि कवच आधी बिघडते : चुना

एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. ज्वारी, तांदळाची कणी, कोंडा यांत ते अगदी नगण्य. कोंबडी काही दिवस आपल्या हाडांतल्या खास साठ्यातून ते काढते. साठा आटला, की आधी पातळ कवचाची, मग पापुद्र्यात गुंडाळलेली मऊ अंडी येतात आणि शेवटी अंडी थांबतात. क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे : आधी कवच, मग संख्या. घरच्या धान्यावर वाढणाऱ्या सुधारित कोंबड्यांत हे अधिक दिसते, कारण देशी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, तर ग्रामप्रियासारखी जात त्याच्या दुप्पट-तिप्पट. शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात सतत ठेवला, की ज्या कोंबडीला हवा ती हवा तेवढा खाते. खाद्यात मिसळून सगळ्यांना देण्यापेक्षा हे बरे.

आठवड्यांनी होणारी घट : प्रकाश आणि पिसे

अंडी देण्याचा हुकूम मेंदूकडून सुटतो आणि मेंदू तो दिवसाच्या लांबीवरून ठरवतो. हा उजेड केवळ डोळ्यांतूनच जातो असे नाही. झाक बेनवा या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात बदकांवर प्रयोग करून दाखवले, की कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोचणारा प्रकाशही पक्ष्याच्या जननग्रंथी जागवतो. भरपूर अंड्यांसाठी दिवसाचा चौदा ते सोळा तास उजेड लागतो. लंडनमध्ये उन्हाळ्यात साडेसोळा तासांचा दिवस हिवाळ्यात आठ तासांच्याही आत येतो, म्हणून तिथे हे कारण ठळक दिसते. पुण्यात मात्र जूनमधला सुमारे सव्वातेरा तासांचा दिवस डिसेंबरात अकरा तासांवर येतो. फरक दोन तासांचाच, पण दिवस लहान होत आहे ही खूण कोंबडीला पुरते. वर्षाहून मोठ्या कोंबड्या याच सुमारास पिसे झाडतात. डोके व मानेपासून सुरुवात होते. पिसे बहुतांश प्रथिनांचीच असतात, तेव्हा ती नवी फुटत असताना अंड्यांसाठी शरीराकडे फारसे उरत नाही. हा काळ दोन-तीन महिन्यांचा असू शकतो. पहाटे दिवा लावून उजेड वाढवता येतो. संध्याकाळी लावलेला दिवा एकदम विझला, तर कोंबड्या अंधारात चाचपडतात, म्हणून पहाट बरी.

एक उदाहरण

असे धरून चला, की एका घरी वर्ष-सव्वा वर्षाच्या बारा सुधारित कोंबड्या आहेत. दिवाळीला घरची माणसे दोन दिवस गावी गेली. शेजारी कुंपणावरून दाणे टाकत होते. परतल्यावर दहा दिवसांची नोंद अशी निघाली : ९, ८, ९, ८, ५, २, १, २, १, २. नंतरच्या आठवड्यात काहींच्या माना बोडक्या दिसू लागल्या.

फटाक्यांचा आवाज, थंडी, लहान झालेला दिवस, असे तीन संशयित लगेच पुढे येतात. पण लहान होणारा दिवस आठ अंडी तीन दिवसांत एकावर आणत नाही, तो आठवडे घेतो. उरलेल्या अंड्यांची कवचे जाड होती, तेव्हा चुना सुटला. कोंबड्या चपळ, विष्ठा नेहमीसारखी, शिंक नाही, म्हणून रोगाचाही पुरावा नाही. सगळ्या एकदम थांबल्या, म्हणून खुडूकपणा नाही. मग लक्ष पाण्याकडे जाते. पाण्याची परात पहिल्याच दिवशी उलटली होती आणि दाणे टाकणाऱ्याला ती कुंपणाबाहेरून दिसत नव्हती. दीड दिवस पाणी नाही. आकड्यांचा वेग या एकाच गोष्टीशी जुळतो.

माना बोडक्या का झाल्या ? असा जबर धक्का बसला, की कोंबड्या अंडी सोडून पिसे झाडायला लागतात. या वयाच्या कोंबड्या महिन्याभरात तशाही झाडायला लागल्याच असत्या. दोन्ही कारणे इथे एकमेकांत मिसळली आहेत आणि कोणाचा किती वाटा, हे नोंदीवरून सांगता येणार नाही. उपाय मात्र स्पष्ट आहे : पाण्याची दोन जड भांडी सावलीत ठेवणे, प्रथिने पुरेशी असलेले खाद्य देणे आणि पाच-सहा आठवडे वाट पाहणे. या काळात बाटलीतले औषध दिले असते, तर अंडी सुरू होण्याचे श्रेय उगाच त्याला मिळाले असते !

वाट पाहू नये, असे एकच कारण

अंडी झपाट्याने घटली आणि त्याबरोबर कोंबड्या मलूल, हिरवट पातळ विष्ठा, धाप, मान पिरगळणे असे काही दिसले, तर ती मानमोडी, म्हणजे राणीखेत असू शकते. अर्धवट लस टोचलेल्या कोंबड्यांत तर केवळ घटलेली, वेड्यावाकड्या व मऊ कवचाची अंडी एवढीच खूण दिसते. एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या, तर बर्ड फ्लूचीही शंका घ्यावी लागते. भारतात हा रोग पहिल्यांदा २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला नोंदला गेला. अशा वेळी मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हातांनी हात लावू नये, उरलेल्या कोंबड्या विकू नयेत आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला ताबडतोब कळवावे. राणीखेतावर औषध नाही, लस आहे. पण मोठ्या कोंबड्यांना देण्याची आर-टू-बी लस अंड्यावर आलेल्या कोंबड्यांना दिली, तर काही दिवस अंडी घटतात. म्हणून ती अंडी सुरू होण्याआधीच टोचून घेतात.

वर्गासाठी

ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत अशा विद्यार्थ्यांना एका वहीत रोज चार रकाने भरायला सांगावे : अंडी किती, कवच कसे, पाणी किती प्यायले, सूर्योदय-सूर्यास्त कधी. दिवस आडव्या अक्षावर आणि अंडी उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढला, की कडा कोसळल्यासारखी घट आणि उतारासारखी घट यांतला फरक मुलांना डोळ्यांनी दिसतो. घट झाल्यावर वही सुरू करून उपयोग नाही. आधीचे आकडे नसतील, तर ती कडा होती की उतार, हे कोणालाच सांगता येत नाही.