तोडचिठ्ठी कोण फिरवतं?

कारभार आणि माणसं : भाग ७

मागच्या भागात पदांचा तक्ता पाहिला. तक्त्यात न दिसणारी सत्ता पाहायची तर कासुर्डी-यवतच्या ऊसपट्ट्यासारखी जागा नाही.

समजा, तुम्ही साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात गटाचे नवे अधिकारी आहात. नियम सरळ : लागणीच्या तारखेप्रमाणे तोड. पण पहिल्याच आठवड्यात कानावर येतं, "इथं सगळा वशिला चालतो." लगेच विश्वास ठेवू नका. गेल्या हंगामातल्या चाळीस नोंदी काढा. लागणीची तारीख आणि काट्याच्या पावतीवरची तारीख शेजारी-शेजारी लिहा. समजा, सहा ऊस नंबर सोडून पुढे गेलेले दिसले. आता चिटबॉयला घेऊन त्या सहा शेतांवर जा. एक ऊस जळालेला होता, तो आधी तोडावाच लागतो. तीन रस्त्याकडेचे, पाटाचं पाणी सुटल्यामुळे आतल्या रानात टायरगाडी रुतत होती. उरले दोन. त्यातला एक संचालकांच्या पाहुण्यांचा, दुसऱ्याने टोळीला खुशाली जास्त दिली होती.

म्हणजे सहापैकी चार ठिकाणी राजकारण नव्हतं; एका ठिकाणी आग होती, तीन ठिकाणी चिखल. हे न पाहता तुम्ही मुकादमावर आरोप केला असता, तर हंगामभर तो तुमच्याशी खरं बोलला नसता. त्याने कोयत्यांना उचल वाटलेली असते, टोळीला पैसे मिळतात ते टनावर. गाडी रुतली की त्यांचा दिवस बुडतो.

इथेच युती करायला जागा आहे. गाळपाआधी गटाच्या बैठकीत शेतकरी, मुकादम आणि चिटबॉय यांना एकत्र बसवा. शेतकऱ्यांनी वाट करून द्यायची आणि तोडीआधी पाणी तोडायचं. मुकादमाने नंबर पाळायचा. नंबर बदललाच तर कारणासकट गट कार्यालयाच्या फलकावर लावायचं काम तुमचं. देणं-घेणं सगळ्यांसमोर ठरतं. संचालकांकडेही हंगामाआधीच यादी घेऊन जा : "नाना, पाहुण्यांचा नंबर या आठवड्यात येतोय. आधी हवा असेल तर कारण फलकावर लिहावं लागेल." ही धमकी वाटू नये म्हणून फलकाची पद्धत सगळ्यांना लागू आहे, हे त्यांना आधी दाखवा.

मुकादमाला एक आणि संचालकांना दुसरंच सांगून काम उरकणारे अधिकारी असतात. त्यांचं काम काही दिवस चालतं. मग दोन शेतकरी चहाच्या टपरीवर भेटतात, तारखा जुळत नाहीत, आणि उशीर झालेला ऊस गुऱ्हाळाला जातो.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. संचालक मंडळाच्या निवडणुकीच्या वर्षी वरून फोन येईल आणि एखादा नंबर मोडेल. तो तुम्हाला थांबवता येईलच असं नाही. पण त्या दिवशी फलकावर "वरिष्ठांच्या सूचनेवरून" एवढंच लिहा, आणि ज्याचा ऊस मागे पडला त्याच्या बांधावर स्वतः जाऊन नवी तारीख सांगा.