तोतरेपणा: थांबायचं, पण किती दिवस?

तीन वर्षांचं मूल गेल्या आठवड्यापर्यंत घडाघडा बोलत असतं आणि एके दिवशी सकाळी 'म-म-म-मला दूध' असं म्हणतं. दोन दिवसांत ते वाढतं. मग घरात तपास सुरू होतो. पडलं होतं का? कुत्र्याला घाबरलं का? शेजारच्या मुलाची नक्कल करतंय का? कोणी वेखंड सुचवतं, कोणी जीभ चिकटलेली आहे का ते पाहायला सांगतं. आणि बहुतेक जण म्हणतात, 'मोठं झालं की जातं आपोआप.'

यातलं शेवटचं वाक्य बऱ्याच अंशी खरं आहे. पण त्यात 'कधी' याचा पत्ता नसतो आणि पालकांची फसगत नेमकी तिथेच होते.

तोतरेपणा बहुधा दोन ते चार या वयात सुरू होतो. मूल तेव्हा दोन शब्दांवरून लांब वाक्यांवर येत असतं. बऱ्याच मुलांमध्ये तो हळूहळू नव्हे, तर काही दिवसांतच उमटतो, त्यामुळे घरच्यांना एखादी घटना त्याला कारणीभूत वाटते. प्रत्यक्षात बोलण्याच्या हालचाली वेळेवर जुळवणाऱ्या मेंदूच्या जाळ्यातला फरक आणि आनुवंशिकता ही त्याची मुळं आहेत. भीती, नक्कल, घरात दोन भाषा असणं किंवा आईबाबांचं रागावणं यांतून तो निर्माण होत नाही. दमणूक, घाई, उत्साह यांनी तो वाढलेला दिसतो एवढंच. जिभेखालचा पडदा कापूनही तो जात नाही, कारण अडचण जिभेत नसते.

आधी हे तोतरेपण आहे की नुसतं अडखळणं, ते ओळखायला हवं. या वयाची सगळीच मुलं अडखळतात. 'मला ते... मला ते लाल हवंय', 'आपण, अं, आपण बागेत जाऊ' अशी वाक्यं शब्द शोधताना होतात. त्यात पूर्ण शब्द किंवा वाक्याचा तुकडा परत येतो आणि मूल निवांत असतं. तोतरेपणात शब्दच आतून तुटतो. पहिला आवाज किंवा अक्षर तीनतीनदा, चारचारदा येतं ('प-प-प-पाणी'), आवाज ताणला जातो ('स्सससायकल') किंवा तोंड उघडं असूनही क्षणभर काहीच बाहेर येत नाही. हा अडथळा दिसायला सगळ्यात लहान असला, तरी मुलाला तोच सगळ्यात जड जातो. 'र'ला 'ल' म्हणणारं बोबडं बोलणं ही वेगळीच गोष्ट आहे.

आता आपोआप जाण्याबद्दल. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात येहुदा यायरी आणि निकोलीन अँब्रोज यांनी तोतरेपणा नुकताच सुरू झालेल्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. त्यांच्यापैकी साधारण चारात तिघं बरी झाली. पण त्याला बहुतेकांना दोन, तीन, कधी चार वर्षं लागली. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मुलांच्या एका मोठ्या अभ्यासात चार वर्षांपर्यंत सुमारे 11 टक्के मुलं कधी ना कधी तोतरी बोलू लागली होती. सुरुवातीनंतर वर्षभरात बरी झालेली मुलं मात्र त्यांच्यात शंभरात सहाच्या आसपास होती. म्हणजे सहा महिन्यांत गेलं नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. पण तीन-चार वर्षं नुसती वाट पाहिली, तर मूल पहिलीत पोहोचतं. शाळेत चिडवणं सुरू होतं, मूल शब्द टाळायला शिकतं आणि ज्या वयात उपचार सर्वांत सोपे असतात ते वय निघून जातं. म्हणून थांबायचं, पण मुदत ठरवून आणि नोंद ठेवून.

ही मुदत साधारण सहा महिने ते एक वर्ष असते. काही मुलांसाठी मात्र ती आधीच संपलेली असते. घरात कोणी मोठेपणीही तोतरं बोलत असेल, तर मुलाचा तोतरेपणा टिकण्याची शक्यता वाढते. मुलगा असेल, तरीही ती जास्त असते, कारण मुली जास्त प्रमाणात बऱ्या होतात. सुरुवात साडेतीन वर्षांनंतर झाली असेल, उच्चार किंवा भाषाही मागे असेल, तर वर्षभर थांबू नये. आणि मुलाला स्वतःला त्रास होत असेल, तर एक दिवसही नाही. डोळे मिटणं, मान झटकणं, पाय आपटणं, आवाज चढणं, तोंडावर हात ठेवणं, 'मला बोलता येत नाही' म्हणणं किंवा बोलणंच सोडून देणं ही त्याची चिन्हं. डोक्याला मार लागल्यानंतर किंवा आधी येणाऱ्या गोष्टी विसरण्यासोबत बोलणं अडखळू लागलं, तर आधी बालरोगतज्ज्ञांकडे जायचं. तो प्रश्न वेगळा आहे.

समजा, तीन वर्षं दोन महिन्यांचा एक मुलगा आहे. दिवाळीच्या सुमारास तो अडखळू लागला. आईने वही केली. रोज रात्री ती त्या दिवसाला एक आकडा देते. अजिबात नाही म्हणजे 0 आणि कल्पनेतला सर्वांत कठीण दिवस म्हणजे 9. पहिल्या पंधरा दिवसांत 3 आणि 4 दिसतात, नंतर दहा दिवस 0 आणि 1. घरात सुटकेचा निःश्वास पडतो. मग लग्नघरी पाहुणे जमतात आणि आकडा 6 वर जातो, परत आल्यावर 2. हा चढउतार या वयातल्या तोतरेपणाचा स्वभावच आहे. त्यामुळे एका चांगल्या आठवड्यावर विसंबायचं नाही आणि एका वाईट आठवड्याने हबकायचं नाही, महिन्यामहिन्याची तुलना करायची. या घरात मुलाचे काका आजही तोतरं बोलतात, म्हणून आईबाबा वर्षभर न थांबता तिसऱ्या महिन्यातच तपासणीची वेळ घेतात. तोवर वहीत नवी नोंद येते: 'पाणी म्हणताना डोळे मिटले. मग "तूच सांग" म्हणाला.' ती दिसताच ते भेट पुढची न ठेवता आधीची मागून घेतात. सोबत दोन मिनिटांचं मोबाइलवरचं चित्रीकरणही नेतात, कारण अनोळखी खोलीत मुलं पुष्कळदा अगदी सरळ बोलतात आणि तज्ज्ञाला पाहायला काहीच मिळत नाही.

जायचं वाचा-भाषा तज्ज्ञाकडे, ज्यांना आपण स्पीच थेरपिस्ट म्हणतो. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे जरूर विचारावं. मुंबईत नायर रुग्णालय आणि वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था इथे ही सोय आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करावी. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकालाही तिथे पाठवण्याची चिठ्ठी देता येते.

भेटीची वाट पाहताना घरात काय करायचं? पूर्वी सांगत, लक्षच देऊ नका, त्याला कळू देऊ नका. हा सल्ला 1940च्या दशकात अमेरिकेतल्या वेंडेल जॉन्सन यांच्या मांडणीतून पसरला. पालकांनी साध्या अडखळण्याला नाव ठेवल्यानेच तोतरेपणा येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ते पुढे टिकलं नाही. तीन वर्षांच्या पुष्कळ मुलांना आपला शब्द अडकतो हे कळतं, आणि घरातले सगळे एकदम गप्प झाले की ही काहीतरी लाजेची गोष्ट आहे, असं त्यांना वाटतं. म्हणून शब्द जोरात अडकला आणि मूल वैतागलं, तर सहज म्हणावं, 'तो शब्द जरा अडकला ना? होतं असं. सांग, मी ऐकतेय.' गुडघा खरचटल्यावर बोलतो तेवढ्याच साध्या आवाजात. मूल निवांत असेल, तर काही म्हणायची गरज नाही.

'हळू बोल', 'श्वास घे', 'आधी विचार कर', 'परत नीट म्हण' हे चौघं मात्र घराबाहेर ठेवावेत. ते मुलाला जमत नाही तेच करायला सांगतात आणि त्याने काय सांगितलं ते बाजूला पडतं. वाक्य त्याच्या आधी आपण पुरं करू नये. हळू बोलायचं ते आपण. मुलाचं बोलणं संपलं की मनात एक-दोन म्हणावं आणि मग सावकाश, छोट्या वाक्यांत उत्तर द्यावं. शब्द ताणून कृत्रिम बोलायचं नाही, फक्त घाई काढून टाकायची.

बालवाडीतून आल्यावर आपण विचारतो, 'आज काय केलं? डबा संपवला का? बाई काय म्हणाल्या? कोणी मारलं नाही ना?' चार प्रश्न, एकाही उत्तराला जागा नाही. त्याऐवजी म्हणावं, 'आज डबा रिकामा दिसतोय,' आणि थांबावं. मूल म्हणतं, 'प-प-पोळी आवडली.' आपण म्हणावं, 'पोळी आवडली होय! गुळाची होती.' अडकलेला शब्द त्याला आपल्या तोंडून सरळ ऐकू आला, पण दुरुस्ती म्हणून नाही.

भरल्या घरात बोलण्याची पाळी मिळवणंही मुलाला जड जातं. जेवताना 'आता ताईचं संपू दे, मग तुझं' हा नियम ताईलाही लागू, आजोबांनाही लागू. 'आत्याला कविता म्हणून दाखव' ही फर्माईश काही दिवस बंद. रोज पाच मिनिटं टीव्ही-मोबाइल बाजूला ठेवून, मूल म्हणेल तो खेळ, त्याच्या गतीने. लंडनच्या मायकल पेलिन केंद्राच्या पद्धतीत या पाच मिनिटांवरच बरंचसं काम उभं आहे. आणि मराठी सोडून फक्त इंग्रजी बोलायला लागू नये. भाषा कमी केल्याने तोतरेपणा जात नाही, आजीशी बोलणं मात्र जातं.

या सगळ्याने मुलाचं बोलणं सोपं होतं, पण हा उपचार नव्हे. उपचार तज्ज्ञासोबतच होतो. सिडनीत विकसित झालेल्या लिडकंब पद्धतीत पालक दररोज ठरावीक वेळ मुलाच्या सरळ बोलण्याला 'छान, सरळ आलं' अशी दाद देतात आणि क्वचित अडकलेला शब्द पुन्हा म्हणायला सुचवतात. ती ऐकायला वर वगळलेल्या सूचनांसारखी वाटते. फरक प्रमाणात आहे. दाद किती, दुरुस्ती किती, हे तज्ज्ञ दर आठवड्याला तपासतो, म्हणून वाचून घरी सुरू करू नये. बोलण्यावरचा ताण कमी करणारी दुसरी पद्धत आणि लिडकंब यांची नेदरलँड्समध्ये तुलना झाली, तेव्हा दीड वर्षानंतर दोन्हींचे परिणाम जवळपास सारखे निघाले. त्यामुळे जवळचा तज्ज्ञ यातली कोणतीही पद्धत नीट वापरत असेल, तर पद्धतीच्या शोधात वेळ घालवू नये.

काही मुलांचा तोतरेपणा उपचारानंतरही राहतो, आणि त्यात पालकांची चूक नसते. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन गोष्टी मोजाव्यात. वहीतला आकडा किती आणि मूल आपणहून किती बोलतं. आकडा 3 वर अडला, पण मूल शेजाऱ्यांना गोष्ट सांगायला धावत असेल, तर गाडी रुळावर आहे. आकडा 1 वर आला आणि मूल गप्प झालं असेल, तर तज्ज्ञाला त्याच आठवड्यात फोन करावा.