पांढऱ्या गाड्या दोन, चासी नंबर वेगळे

शोरूमच्या यार्डात एकाच मॉडेलच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्या उभ्या असतात. डीलरच्या ईआरपीत मात्र त्या वेगळ्या असतात, कारण तिथे गाडीची ओळख म्हणजे तिचा १७ अक्षर-अंकी चासी नंबर. त्यात I, O आणि Q ही अक्षरे नसतात, म्हणजे १ आणि ० शी घोळ होत नाही.

बुकिंग पक्के झाले की एक नंबर ग्राहकाच्या नावे अडकवला जातो. मग दुसरा सेल्समन त्याचे बिल करू शकत नाही. बिल, विमा पॉलिसी, आरटीओचे अर्ज सगळीकडे तोच नंबर उतरतो. पुढे सर्व्हिसचे जॉबकार्ड आणि त्यावर लागलेले पार्टही त्याच नंबराखाली जमा होतात.

तरी यार्डातून भलतीच पांढरी गाडी बाहेर काढली, तर कॉम्प्युटरला ते दिसत नाही. म्हणून डिलिव्हरीपूर्वीच्या तपासणीत गाडीवर कोरलेला नंबर बिलाशी ताडायलाच हवा. चूक नोंदणीनंतर उमगली, तर पॉलिसी दुरुस्त करून घ्या, आरटीओत खेटे घाला, आणि दुसऱ्या पांढऱ्या गाडीचाही हिशेब लावा. ग्राहकानेही चावी घेण्याआधी तो नंबर स्वतः वाचावा.