गोळी सकाळची की रात्रीची?

सकाळी ९:००

इचलकरंजीतली माझी मानसोपचाराची ओपीडी नऊला सुरू होते. नवीन पेशंट समोर बसला की लक्षणांइतकाच त्याचा दिवसही मी नीट विचारून घेते. उठता कधी, कामावर कधी जाता, रात्रीचं जेवण कधी, पाठ टेकता कधी, पहाटे जाग येऊन परत झोप लागत नाही असं होतं का, दुपारी डोळा लागतो का. बरोबर आलेल्या माणसाला वाटतं, आजार सोडून डॉक्टर घरच्या वेळा काय विचारत बसल्यात! पण गोळीच्या नावापुढे १-०-० लिहायचं की ०-०-१, हे या उत्तरांवरच ठरतं.

नैराश्याच्या गोळीने मन उभारी धरायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, काहींना त्याहून जास्त. तो परिणाम रोजच्या रोज गोळी पोटात जाण्यातून हळूहळू येतो. ती सकाळी घेतली की रात्री, याने त्यात फारसा फरक पडत नाही. गोळीचा दुसरा परिणाम मात्र पहिल्याच दिवशी जाणवतो. काही गोळ्या गुंगी आणतात, काही जाग आणतात. वेळ ठरवायची ती या दुसऱ्या परिणामासाठी. ती चुकली तर पेशंट चार दिवसांत औषध सोडतो, आणि ज्या परिणामासाठी औषध दिलं तो दिसायची पाळीच येत नाही.

सकाळी १०:३०

शिरोळ तालुक्यातल्या एक वहिनी, पन्नाशीच्या आतबाहेरच्या. दहा दिवसांपूर्वी त्यांना मिर्टाझापिन १५ मिलिग्रॅम रात्री सुरू केली होती. झोप उडाली होती, जेवण तुटलं होतं, वजन उतरलं होतं. या तिन्हींवर एकाच गोळीने उतार पडेल म्हणून ती निवडली. आज त्या म्हणाल्या, "झोप लागतीया मॅडम, पण पहाटं उठवत न्हाई. धार काढताना डोकं म्हशीच्या अंगावर टेकतंय."

मी विचारलं, गोळी किती वाजता घेता? सगळी कामं आवरून, मालिका बघून, अकराला. आणि उठता? साडेचारला, कारण दूध संस्थेत वेळेत घालायला लागतं.

आपल्या मेंदूत हिस्टामिन नावाचं एक रसायन आहे. आपल्याला जागं ठेवणं हे त्याच्या कामांपैकी एक. सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी पेंग येते, कारण त्या हिस्टामिनचा मेंदूतला एच-१ हा दरवाजा बंद करतात. मिर्टाझापिन तोच दरवाजा फार घट्ट बंद करते. गोळी घेतल्यावर सुमारे दोन तासांत तिचं रक्तातलं प्रमाण शिखरावर जातं, आणि ते निम्म्यावर यायला २० ते ४० तास लागतात. म्हणजे अकराच्या गोळीचं शिखर रात्री एकला, आणि त्यानंतर साडेतीन तासांतच वहिनींना उठायचं!

म्हणून गोळी तीच ठेवली आणि वेळ साडेआठवर आणली, जेवण झाल्याबरोबर. दहाला अंथरुणात गेल्या तरी पहाटेपर्यंत शिखर बरंच मागे पडलेलं असेल. रोज घेतल्यावर ही गुंगी बहुतेकांना आठवड्या-दोन आठवड्यांत कमी जाणवते, हेही सांगितलं.

"मग अर्धीच घेऊ का?" असं त्यांनी विचारलं. नको म्हटलं. मिर्टाझापिनच्या लहान डोसमध्ये झोप आणणारा गुण आधीच पूर्ण कामाला लागलेला असतो, मागे पडतो तो नैराश्यावरचा. गोळी अर्धी केली तर पेंग राहील आणि औषध तोकडं पडेल. वजन दर आठवड्याला बघायला सांगितलं, कारण आज हवी असलेली भूक तीन महिन्यांनी नकोशी होऊ शकते.

दुपारी १२:३०

यंत्रमागावरचा एक तरुण कामगार. आठवडाभर दिवसपाळी, आठवडाभर रात्रपाळी. त्याचं नैराश्य वेगळ्या तऱ्हेचं होतं. झोप कमी नव्हती, उलट सुट्टीच्या दिवशी उठवतच नसे. अंगात त्राण नाही, कशात रस नाही, आणि बिडी सोडायची इच्छा. त्याला बुप्रोपिऑन १५० मिलिग्रॅमची, दिवसभर हळूहळू विरघळणारी गोळी दुसरीकडून सुरू झाली होती. हे औषध डोपामिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन या जाग आणणाऱ्या रसायनांवर काम करतं, शिवाय तंबाखू सोडायलाही मदत करतं. म्हणून ते सकाळी द्यायचं, आणि कागदावर तसंच लिहिलेलं होतं.

तो मात्र रात्रपाळी संपवून सकाळी सातला घरी येई, चहाबरोबर गोळी घेई आणि झोपायला जाई. या गोळीचं शिखर साधारण पाच तासांनी येतं, म्हणजे दुपारी बाराला, नेमकं त्याच्या झोपेच्या मध्यावर. तो दोन-अडीच तास झोपून जागा होई, आणि रात्री मागापुढे उभं राहून डोळे चुरचुरत. गोळी सोसत नाही असं समजून ती बंद करायलाच तो आला होता.

त्याची सकाळ दुपारी चारला होते, हे त्याला आणि मला दोघांनाही कागदावर उतरवावं लागलं. रात्रपाळीच्या आठवड्यात गोळी दुपारी चारला, उठल्याबरोबर. दिवसपाळीच्या आठवड्यात सकाळी सहाला.

अडचण पाळी बदलते त्या दिवसाची. शनिवारी दुपारी चारला गोळी घेतली आणि रविवारी सकाळी सहाला पुन्हा घेतली, तर मध्ये फक्त चौदा तास जातात. या औषधाचं प्रमाण अंगात वाढलं तर झटका येण्याचा धोका वाढतो, म्हणून दोन गोळ्यांत चोवीस तासांपेक्षा कमी अंतर चालत नाही. त्याला सांगितलं, शनिवारी चारला घेतलीस की रविवार रिकामा सोड आणि सोमवारी सकाळी सहाला घे. अडतीस तासांच्या अंतराने या औषधाचं फारसं बिघडत नाही. गोळी तोडायची किंवा चावायची नाही, कारण मग दिवसभराचं औषध एकदम सुटतं. पूर्वी कधी झटका आला होता का आणि दारू किती, हे दोन्ही पुन्हा विचारून घेतलं.

दुपारी ३:००

या दोन टोकांच्या मध्ये मोठा गट आहे, एस्सिटालोप्रॅम आणि सर्ट्रालीनसारख्या गोळ्यांचा. या सिरोटोनिन वाढवतात. त्याने कुणाची झोप सारखी मोडते, स्वप्नं फार ठळक पडतात, तर कुणाला दिवसा जांभया येतात. कुणाला काय होईल ते आधी सांगता येत नाही. म्हणून मी सहसा सकाळी नाश्त्यानंतर सुरू करते, आणि पेंग येत असेल तर रात्री नेते.

आज आलेल्या शिक्षिकेची गोळी रात्रीची होती, कारण तिच्यात दोन औषधं एकत्र होती, एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपॅम. अशा जोडगोळ्या आपल्याकडे सर्रास मिळतात. त्यातल्या क्लोनाझेपॅमने झोप येते, म्हणून अख्खी गोळी रात्री जाते. सवय लागू नये म्हणून आम्ही क्लोनाझेपॅम टप्प्याटप्प्याने बंद केलं आणि नुसती एस्सिटालोप्रॅम रात्रीच चालू राहिली. आता त्यांना दोन वाजता जाग येते. गुंगी आणणारा जोडीदार गेला, की मागे राहिलेल्या गोळीची वेळ नव्याने ठरवावी लागते. (क्लोनाझेपॅम सुटल्यावरही काही दिवस झोप बिघडते, तेही त्यांना सांगितलं.) एस्सिटालोप्रॅम रक्तात निम्मी व्हायला सुमारे तीस तास लागतात. त्यामुळे एक रात्र सोडून दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करणं सोपं.

वेळ बदलण्याआधी मी एक गोष्ट पक्की करून घेते. झोप कमी झाली आणि दिवसा थकवा आहे, तर तो गोळीच्या वेळेचा प्रश्न असू शकतो. झोप तीन तास, तरी थकवा नाही, बोलणं वाढलंय, खर्च वाढलाय, बेत मोठे होताहेत, तर तो उन्मादाकडे झुकल्याचा इशारा असतो. तिथे वेळ बदलून भागत नाही, औषधच थांबवून फेरविचार करावा लागतो. तसंच पहिल्या आठवड्यांत कुणी, विशेषतः पंचविशीच्या आतलं, एका जागी बसू शकत नसेल, तळमळत येरझाऱ्या घालत असेल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी फोन करायचा.

संध्याकाळी ५:००

सत्तरी ओलांडलेले एक आजोबा. मधुमेहाने पायांची आग होते, म्हणून अमिट्रिप्टिलीन २५ मिलिग्रॅम रात्री चालू होती, आणि मनाच्या उदासीलाही तीच उपयोगी पडेल असा विचार होता. ही जुनी गोळी चांगलीच गुंगी आणते, त्यामुळे रात्रीची वेळ बरोबरच होती. पण ते पहाटे दोनला लघवीला उठले आणि मोरीपाशी पडले.

त्यांना दहा मिनिटं आडवं झोपवून बीपी घेतलं, १४२. उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा घेतलं, ११४. वरचा आकडा वीसने उतरला तरी आम्ही सावध होतो, इथे अठ्ठावीसने उतरला होता. ही गोळी रक्तवाहिन्या आवळणारा इशारा अडवते, त्यामुळे उठताक्षणी डोक्याकडचं रक्त कमी पडतं. लघवीही अडखळायला लावते, आणि आजोबांचं प्रोस्टेट आधीच वाढलेलं.

गोळी सकाळी घेतली असती तर ते सकाळी पडले असते. वेळ बदलून सुटेल असं हे दुखणं नव्हतं. म्हणून अमिट्रिप्टिलीन हळूहळू उतरवायची ठरवली. नैराश्यासाठी सर्ट्रालीन २५ मिलिग्रॅम सकाळी, आणि दोन आठवड्यांनी रक्तातलं सोडियम तपासायचं, कारण या वयात ते घसरू शकतं. पायांच्या आगीसाठी त्यांच्या फिजिशियनशी बोलले.

संध्याकाळी ७:३०

ओपीडी संपता संपता फोन येतात ते बहुतेक विसरलेल्या गोळीचे. रात्रीची गुंगी आणणारी गोळी राहिली आणि सकाळी आठवली, तर ती तेव्हा घ्यायची नाही. ती घेऊन मोटरसायकल चालवणं किंवा मागापुढे उभं राहणं धोक्याचं, म्हणून सरळ रात्रीच घ्यायची. सकाळची जाग आणणारी गोळी, बुप्रोपिऑन सोडून, दुपारच्या जेवणापर्यंत आठवली तर बहुधा चालते, रात्री नऊला आठवली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. दुप्पट कधीच नाही.

व्हेनलाफॅक्सिन घेणाऱ्यांना मी जास्त बजावते. ती अंगातून लवकर निघून जाते, आणि एक दिवस चुकला तरी चक्कर, मळमळ, डोक्यात झिणझिण्या सुरू होऊ शकतात. तिच्यासाठी सकाळच्या नाश्त्याची वेळ धरायची आणि ती सांभाळायची.

कागदावर नुसतं "सकाळी" किंवा "रात्री" लिहून मी आता थांबत नाही. वहिनींच्या कागदावर लिहिलं, "जेवण झाल्यावर, साडेआठला." त्या कामगाराच्या कागदावर लिहिलं, "झोपून उठल्यावर." ज्यांच्या कागदावर फक्त १-०-० किंवा ०-०-१ आहे, त्यांनी आपल्या झोपेच्या आणि कामाच्या वेळा डॉक्टरांना सांगाव्यात आणि गोळी कोणत्या कारणासाठी त्या वेळेला दिली आहे ते विचारावं. गोळी सोसत नाही असं वाटलं, तर ती सोडण्याआधी हा एक प्रश्न जरूर विचारावा.